दुभाष्यांसाठी माहितीपत्रक: लातूर येथील भूजल सत्राच्या तयारीच्या नोंदी

१३ जानेवारी

फेब्रुवारीत लातूर येथे होणाऱ्या भूजलविषयक परिषदेतील दुपारच्या सत्राचा आराखडा आज पक्का झाला. सत्र नव्वद मिनिटांचे असून त्यात चार वक्ते आहेत. नेदरलँड्सहून येणारे एक भूजलशास्त्रज्ञ इंग्रजीत बोलतील; भूजल खात्यातून निवृत्त झालेले एक भूवैज्ञानिक मराठीत बोलतील, पण त्यांच्या बोलण्यात इंग्रजी वाक्येच्या वाक्ये मिसळलेली असतात; औसा तालुक्यातील एक शेतकरी आणि केज तालुक्यातील एका गावाच्या सरपंच ताई आपापल्या गावचा अनुभव सांगतील. सभागृहात बहुसंख्य श्रोते शेतकरी आणि कृषी विभागातील कर्मचारी असतील, तर पुढच्या दोन रांगांत मराठी न समजणारे पाहुणे बसतील. वक्त्याचे बोलणे चालू असतानाच भाषांतर हेडफोनवर पोहोचवायचे आहे, आणि त्यासाठी पुण्याच्या एक अनुभवी बाई व नांदेडचे एक प्राध्यापक असे दोन दुभाषी ठरले आहेत. ऐकणे आणि बोलणे एकाच वेळी करण्याचा ताण मोठा असल्यामुळे या कामात दर वीस ते तीस मिनिटांनी माणूस बदलतो, आणि जो बोलत नसतो तो शेजारी बसून आकडे व नावे लिहून देतो.

माझ्याकडे या दोघांसाठी माहितीपत्रक तयार करण्याचे काम आहे. मागील परिषदांतील काही पत्रके आयोजकांनी पाहायला दिली. त्यांत प्रामुख्याने कार्यक्रमपत्रिका, वक्त्यांचे परिचय आणि पारिभाषिक शब्दांची वर्णानुक्रमे लावलेली लांब यादी आहे. परिचय निवेदकाच्या उपयोगाचे आहेत. दुभाष्यांच्या काचेच्या बंद खोलीत, म्हणजे बूथमध्ये, बसलेल्या माणसाला त्यांचा उपयोग किती होत असेल, याबद्दल मला शंका आहे.

१६ जानेवारी

डच पाहुण्यांचे भाषण आणि सादरीकरणाच्या पाट्या आज ईमेलने आल्या. भाषण पूर्ण लिहून पाठवले आहे, ही चांगली गोष्ट आहे, पण त्यातच अडचण दडलेली आहे. मजकूर सुमारे ३,४०० शब्दांचा आहे आणि वेळ २० मिनिटांची, म्हणजे वेग मिनिटाला १७० शब्द होतो. मनाने बोलणारा माणूस अडखळतो, शब्द शोधतो, एखादी गोष्ट पुन्हा सांगतो, आणि त्या मोकळ्या जागांत दुभाष्याला श्वास मिळतो. लिहिलेले वाचणाऱ्याच्या बोलण्यात या जागा नसतात आणि वाक्येही बांधीव असतात. मिनिटाला १०० ते १२० शब्द हा वेग दुभाष्याला झेपणारा मानला जातो. ११० धरले तर २० मिनिटांत २,२०० शब्द बसतात, म्हणजे मजकुराचा जवळपास एक तृतीयांश भाग काढावा लागेल.

पाहुण्यांना "कृपया सावकाश बोला" असे कळवून भागणार नाही. असे सांगितलेले वक्ते पहिली दोन मिनिटे सावकाश बोलतात आणि वेळ संपत आली की दुप्पट वेगाने धावतात. म्हणून मी त्यांना शब्दांचा हिशेब कळवला आणि काय गाळता येईल तेही सुचवले: युरोपातील वाळूमिश्रित गाळाच्या प्रदेशाविषयीचा त्यांचा लांब भाग इथल्या श्रोत्यांना फारसा लागू पडत नाही, कारण मराठवाड्याचा बहुतेक भाग दख्खनच्या बेसॉल्टवर वसलेला आहे आणि इथले पाणी खडकातील फटींत, भेगांत आणि झिजलेल्या थरात असते. दुसरी सूचना अशी की आकडे असलेली पाटी पडद्यावर आली की बोलायला लागण्यापूर्वी तीन-चार सेकंद थांबावे. दुभाषी वक्त्याच्या दोन-चार सेकंद मागे असतो. वक्ता पाटी दाखवून लगेच पुढच्या पाटीवर गेला, तर श्रोत्यांच्या कानात एका पाटीचे आकडे आणि डोळ्यांसमोर दुसऱ्या पाटीचा आलेख, अशी स्थिती होते.

२० जानेवारी

भाषण आणि पाट्यांमधून काढलेल्या शब्दांची पहिली यादी पुण्याच्या बाईंना पाठवली होती. आज त्यांच्याशी फोनवर सविस्तर बोलणे झाले आणि पत्रकाची दिशा त्यातून ठरली.

त्यांचे म्हणणे असे की बूथमध्ये कागद वाचला जात नाही, त्यावर फक्त नजर टाकली जाते. शब्द कानावर पडल्यापासून तो उच्चारायची वेळ येईपर्यंत जेमतेम दोन सेकंद असतात, आणि तेवढ्या वेळात वर्णानुक्रमाच्या यादीत शब्द शोधणे अशक्य असते. म्हणून शब्द भाषणात ज्या क्रमाने येणार आहेत त्याच क्रमाने, पाटीच्या क्रमांकाखाली लिहावेत. प्रत्येक वक्त्याचा वेगळा कागद असावा. अक्षर मोठे असावे. आणि कागद टाचू नयेत, कारण टाचलेला गठ्ठा उलटताना होणारा आवाज मायक्रोफोनमधून थेट श्रोत्यांच्या कानात जातो. दुसरी गोष्ट त्यांनी जरा हसतच सांगितली, "पुनर्भरण आणि पाणलोट आम्हाला येतं हो. जिथे भाषा चांगली येत असूनही आम्ही चुकू, तेवढंच लिहा."

या कसोटीवर यादी तपासली तेव्हा निम्म्याहून अधिक शब्द गळाले. जे राहिले ते अवघड दिसणारे नव्हते, उलट अगदी साधे दिसणारे होते. पाहुण्यांच्या भाषणात 'रिकव्हरी' हा शब्द अनेकदा आहे. उपसा थांबवल्यावर विहिरीत पाणी पुन्हा किती वेगाने भरून येते, या अर्थाने ते तो वापरतात. ऊस पिकवणाऱ्या श्रोत्यांना 'रिकव्हरी' म्हटले की साखरेचा उतारा आठवतो आणि बँकेचे हप्ते भरणाऱ्यांना वसुली. दुभाष्याने तो शब्द तसाच ठेवला तर सभागृहात प्रत्येक जण आपापला अर्थ घेईल. म्हणून पत्रकात लिहिले: रिकव्हरी म्हणजे पाणी भरून येणे, इंग्रजी शब्द ठेवू नये. 'ड्राफ्ट' या शब्दाचेही तसेच आहे. भूजलाच्या हिशेबात त्याचा अर्थ उपसा. पण परिषदेच्या शेवटी ठरावाचा मसुदा वाचला जाणार असल्याने तोच शब्द तासाभरात दुसऱ्या अर्थाने येईल. 'यील्ड' शब्द विहिरीबद्दल आला तर पाण्याची आवक आणि पिकाबद्दल आला तर उत्पादन. 'ॲक्विफर' म्हणजे पाणी साठवून ठेवणारा खडकाचा थर; त्यासाठी 'जलधर' ठरवला, आणि 'जलस्तर' वापरू नये असे मुद्दाम लिहिले, कारण तो शब्द काही जण पाण्याची पातळी या अर्थाने घेतात.

'स्पेसिफिक यील्ड' या संज्ञेवर मात्र बराच वेळ गेला. तिच्यासाठी पारिभाषिक मराठी शब्द वापरला तर तो सभागृहात कोणाला कळणार नाही, आणि पाहुण्यांचा मुख्य मुद्दा तर याच संज्ञेवर उभा आहे. खडकात साठलेल्या पाण्यापैकी जेवढे पाणी गुरुत्वाने सुटून विहिरीत येऊ शकते, त्याचे खडकाच्या आकारमानाशी असलेले प्रमाण असा तिचा अर्थ आहे. झिजलेल्या किंवा सच्छिद्र बेसॉल्टसाठी हे प्रमाण भारतातील भूजल मूल्यांकनात साधारणपणे २ टक्के धरतात. म्हणजे एक हेक्टर क्षेत्राखाली भूजल पातळी एक मीटर खाली गेली, तर मिळालेले पाणी १०,००० चौरस मीटर गुणिले १ मीटर गुणिले ०.०२, अर्थात २०० घनमीटर किंवा दोन लाख लिटर असते. पत्रकात 'सुटणाऱ्या पाण्याचे प्रमाण' असा साधा प्रयोग दिला आणि खाली हे उदाहरण मांडले. दुभाष्याला संकल्पना समजलेली असेल तर ऐन वेळी शब्द विसरला तरी वाक्य पडत नाही.

२३ जानेवारी

औशाकडे जाऊन शेतकरी वक्त्यांना भेटलो. त्यांना लिहिलेले भाषण मागण्यात अर्थ नव्हता. ते बोलतात ते ओघाने. त्यांच्या परवानगीने ओट्यावर बसून पंधरा-वीस मिनिटांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून घेतले आणि ते दोन्ही दुभाष्यांना पाठवले. बोलण्याची लकब आधी कानावरून गेलेली असणे कोणत्याही यादीपेक्षा अधिक उपयोगी पडते, असे नांदेडच्या प्राध्यापकांनी आधीच सांगितले होते.

ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकताना लक्षात आले की मराठीतून इंग्रजीकडे जाताना धोका संज्ञांमध्ये नाही, मापांमध्ये आहे. "बोअरला दोन इंच पाणी लागलं" हे वाक्य त्यांच्या बोलण्यात तीनदा आले. मराठी येणाऱ्या, पण कधी बोअर घेताना पाहिली नसलेल्या माणसाने त्याचे शब्दशः इंग्रजी केले, तर पाहुण्यांना वाटेल की बोअरमध्ये दोन इंच खोलीचे पाणी सापडले, आणि ते अर्थातच हास्यास्पद वाटेल. इथे दोन इंच म्हणजे दोन इंची पाइप भरून वाहील एवढी धार. पत्रकात इंग्रजीत काय म्हणायचे ते पूर्ण वाक्यात दिले, आणि त्याचे लिटरमध्ये रूपांतर करू नये असेही लिहिले, कारण धारेचा वेग माहीत नसताना दिलेला कोणताही आकडा खोटाच ठरेल.

दुसरे वाक्य: "एप्रिलमध्ये मोटार अर्धा तास चालते." ऐकणाऱ्याला हे भारनियमनाचे वाक्य वाटते, आणि याच वक्त्यांच्या बोलण्यात विजेच्या तासांचा उल्लेख वेगळा येतही असल्याने गोंधळ वाढतो. खरा अर्थ असा की विहिरीत साठलेले पाणी अर्ध्या तासात संपते आणि पुन्हा भरून येण्यासाठी थांबावे लागते. पाहुणे ज्याला रिकव्हरी म्हणतात ती हीच गोष्ट, फक्त शेतकऱ्याच्या बाजूने पाहिलेली. दोघांच्या कागदांवर ही दोन वाक्ये एकमेकांना जोडून दाखवली, कारण प्रश्नोत्तरांत यांची गाठ पडण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे.

विहिरीची खोली ते परसांत सांगतात. परस हे माणसाच्या उंचीवरून आलेले माप असून फुटांत त्याचा हिशेब सगळीकडे सारखा धरत नाहीत, म्हणून त्यांच्याकडूनच त्यांच्या विहिरीची खोली फुटांत विचारून घेतली आणि तोच आकडा कागदावर लिहिला. काळ सांगण्याची त्यांची पद्धतही नोंदवली. 'बहात्तरचा दुष्काळ' म्हणजे १९७२ चा, आणि 'भूकंपाच्या आधी', 'भूकंपानंतर' असे म्हटले की ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाचा संदर्भ असतो. औसा तालुक्यातल्या माणसाला तो वेगळा सांगावा लागत नाही, पण परदेशी पाहुण्याला तारीख कळली नाही तर पुढचे सगळे बोलणे अधांतरी राहते. मृग आणि हस्त ही नक्षत्रे आली तर अनुक्रमे जूनचा दुसरा-तिसरा आठवडा आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरची सुरुवात असे म्हणावे, असे ठरवले.

२७ जानेवारी

नावांचा कागद आज पूर्ण केला. पाहुण्यांच्या आडनावाचा उच्चार इंग्रजी स्पेलिंगवरून काढता येत नाही. डच भाषेतील 'जी' हे अक्षर घशातून, बरेचसे 'ख'सारखे उच्चारले जाते. त्यांना स्वतःच्या आवाजात नाव म्हणून पाठवायला सांगितले आणि त्यावरून देवनागरीत उच्चार लिहिला. सत्राच्या अध्यक्षांनाही तोच कागद दिला, म्हणजे व्यासपीठावर एक उच्चार आणि हेडफोनवर दुसरा असे होणार नाही.

आपल्याकडच्या नावांची अडचण वेगळ्या प्रकारची आहे. निवृत्त भूवैज्ञानिकांना सगळे 'आबा' म्हणतात, अगदी व्यासपीठावरूनही. कार्यक्रमपत्रिकेवर त्यांचे पूर्ण नाव आहे. "आबांनी आत्ताच सांगितलं तसं" असे कोणी म्हटले, तर हे आबा कोण हे परदेशी श्रोत्याला कळणार नाही, आणि दुभाष्यालाही कळेलच असे नाही. म्हणून हाक मारण्याची नावे आणि पत्रिकेवरील नावे समोरासमोर लिहिली, व इंग्रजीत नेहमी पत्रिकेवरीलच नाव घ्यावे असे ठरले. सरपंच ताईंसाठीही तेच.

गावे, नद्या आणि जिल्हे यांच्यावर अधिक वेळ द्यावा लागला. पाहुण्यांच्या पाट्यांवरील नकाशे जुने आहेत. त्यांत औरंगाबाद, उस्मानाबाद आणि बीडसाठी 'भीर' असे स्पेलिंग आहे. बोलताना छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव ही आजची नावे घ्यावीत, मात्र जुना नकाशा पडद्यावर असेल तेव्हा पहिल्या उल्लेखात दोन्ही नावे सांगावीत, म्हणजे नकाशा पाहणारा चुकणार नाही. मांजरा नदी तेलंगणात मंजिरा होते, आणि पाहुण्यांच्या एका आलेखावर हेच नाव आहे; ही वेगळी नदी नव्हे, असे कागदावर लिहिले. पूर्णेच्या बाबतीत प्रकार उलटा आहे. येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणे ज्या पूर्णेवर आहेत ती गोदावरीची उपनदी, आणि विदर्भातून वाहणारी पूर्णा तापीची. आबांच्या भाषणात दोन्ही येतात, म्हणून इंग्रजीत प्रत्येक वेळी 'गोदावरीची' किंवा 'तापीची' असे जोडणे आवश्यक आहे.

योजनांच्या नावांचे भाषांतर करायचे नाही, एवढाच नियम ठेवला. जलयुक्त शिवार, अटल भूजल आणि 'पोकरा' ही नावे तशीच राहतील. 'पोकरा' हे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाचे इंग्रजी आद्याक्षरांवरून पडलेले बोलीतील नाव आहे, एवढी एक ओळ पाहुण्यांच्या सोयीसाठी पुरे.

३० जानेवारी

आबांकडे जाऊन त्यांच्या भाषणातले आकडे घेतले. ते लिहून आणत नाहीत, पण आकडे मात्र त्यांच्या वहीत नीट आहेत.

पाण्याच्या साठ्याची मापे हा या सत्रातील सर्वांत धोकादायक भाग आहे. पाहुणे दशलक्ष घनमीटर म्हणतील, आबा दलघमी म्हणतील आणि शेतकरी टीएमसी म्हणतील. पहिली दोन एकच आहेत, आकडा जसाच्या तसा ठेवायचा. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, अर्थात सुमारे २८.३ दलघमी. हे रूपांतर बूथमध्ये तोंडी करायला कोणालाही सांगू नये. जो आकडा ऐकला तो त्याच मापात सांगावा. मात्र जायकवाडीचे आकडे नक्की येणार असल्यामुळे ते दोन्ही मापांत कागदावर दिले: एकूण साठा २,९०९ दलघमी म्हणजे १०२ टीएमसीहून थोडा जास्त, त्यातील जिवंत साठा २,१७१ दलघमी म्हणजे साडेशहात्तर टीएमसीच्या आसपास, आणि उरलेला ७३८ दलघमी, म्हणजे सुमारे २६ टीएमसी, मृतसाठा.

या शेवटच्या आकड्यामागे कारण आहे. धरणाची टक्केवारी जिवंत साठ्यावर काढली जाते. आबांच्या भाषणात "जायकवाडी शून्य टक्क्यांवर होतं" असे वाक्य आहे. कोणताही दुभाषी सहजपणे "धरण कोरडे पडले होते" असे इंग्रजी करील, आणि पुढच्याच वाक्यात आबा मृतसाठ्यातून पिण्याचे पाणी उचलल्याचे सांगतात. कोरड्या धरणातून पाणी कसे उचलले, असे पाहुण्यांना वाटेल. म्हणून कागदावर लिहिले: शून्य टक्के म्हणजे वापरायचा साठा संपला, धरण रिकामे नव्हे.

बोलीतील आकड्यांचा एक छोटा तक्ता जोडला. पावणेदोनशे, सव्वा लाख, अडीच हजार हे मराठी दुभाष्याला येतातच. पण एकोणसाठ आणि एकोणसत्तर घाईत ऐकताना चुकतात, म्हणून भाषणात येणारे असे आकडे अंकांत लिहून ठेवले. लाख-कोटींचे दशलक्षात रूपांतर शेजारी बसलेला दुभाषी चिठ्ठीवर करून देईल, असे दोघांनी आपसात ठरवले आहे.

खडकांच्या नावांत एकच जागा अडली. आबा 'मांजऱ्या' हा शब्द वारंवार वापरतात. विहीर खणणाऱ्यांच्या बोलीत हा पोकळ्यांत इतर खनिजे भरलेला, तुलनेने मऊ असा बेसॉल्ट आहे. लातुरात हा शब्द कानावर पडला की मन नदीकडे जाते, आणि नदीही त्याच भाषणात आहे. ऐकताना फरक शेवटच्या अक्षरांत आणि क्रियापदात सापडतो: मांजऱ्यात पाणी लागते, मांजरेत पाणी येते. ही दोन्ही वाक्ये आबांच्या कागदाच्या अगदी वर, मोठ्या अक्षरांत लिहिली.

त्यांच्या इंग्रजी वाक्यांचे काय करायचे हेही ठरले. सुटा इंग्रजी शब्द आला तर मराठी ऐकणाऱ्यांसाठी काही करायचे नाही, पण पूर्ण वाक्य इंग्रजीत गेले तर त्याचे मराठी व्हावे. भाषा अशी मध्येच उलटली की बूथमधील दुभाष्याला बटण दाबून दुसऱ्या वाहिनीवर जावे लागते, आणि एक-दोन सेकंद जातात. आबांना विनंती केली की इंग्रजी अवतरण द्यायचे असेल तर आधी "मूळ इंग्रजीत असं आहे" म्हणावे. त्यांनी मान डोलावली. प्रत्यक्षात किती लक्षात राहील ते पाहू.

३ फेब्रुवारी

सरपंच ताईंचे ध्वनिमुद्रण नांदेडच्या प्राध्यापकांनी ऐकले आणि एक महत्त्वाचा मुद्दा मांडला. मराठीत क्रियापद शेवटी येते आणि नकारही शेवटी येतो, तर इंग्रजीत दोन्ही आधी लागतात. ताईंचे एक वाक्य असे आहे: "मागल्या चार वर्षांत गावात जेवढी शेततळी झाली, त्या सगळ्यांमुळं विहिरींचं पाणी वाढलं आणि टँकर बंद झाला असं जे सगळीकडं सांगितलं जातं, ते आमच्या गावापुरतं तरी खरं नाही." दुभाषी दोन-चार सेकंद मागे राहून चालला तर शेवटचा 'नाही' येईपर्यंत त्याने इंग्रजीत शेततळ्यांचे कौतुक करून टाकलेले असते, आणि मग ते परत घेणे ऐकणाऱ्याला विचित्र वाटते. अनुभवी दुभाषी "असा दावा केला जातो की" अशी सावध सुरुवात करून वेळ काढतात. पण त्यासाठी वाक्य कुठे वळणार आहे याचा अंदाज हवा.

म्हणून प्रत्येक मराठी वक्त्याच्या कागदावर सर्वांत वर दोन-तीन वाक्यांत त्याचे म्हणणे लिहिले. ताईंच्या कागदावर आता असे आहे: प्लॅस्टिक अंथरलेल्या शेततळ्यांना त्यांचा विरोध आहे, कारण ती जमिनीत पाणी मुरवत नाहीत, उलट विहिरीतून उपसलेले पाणी उघड्यावर साठवतात आणि त्याचे बाष्पीभवन होते, पाझर तलाव आणि नाल्यावरील बंधारे यांच्या बाजूने त्या आहेत. इंग्रजीत दोन्हींना 'पॉन्ड' म्हटले तर त्यांचे सगळे भाषण स्वतःलाच खोडणारे वाटेल, म्हणून शेततळ्यासाठी 'अस्तर घातलेला साठवण तलाव' आणि पाझर तलावासाठी 'पर्कोलेशन टँक' असे वेगवेगळे प्रयोग ठरवून दिले. माझ्या मते संपूर्ण पत्रकात ही वरची दोन-तीन वाक्ये सर्वांत मोलाची आहेत, आणि ती वक्त्याला भेटल्याशिवाय लिहिता येत नाहीत.

हा कागद ताईंना फोनवर वाचून दाखवला. त्यांनी 'विरोध' हा शब्द बदलायला लावला. "विरोध नाही हो दादा, आधी विहीर भरू द्या, मग तळं भरा, एवढंच माझं म्हणणं," असे त्या म्हणाल्या. तेच वाक्य कागदावर घेतले.

७ फेब्रुवारी

सभागृहात जाऊन बूथ पाहिला. तो बाजूच्या भिंतीशी लावला होता आणि तिथून पडद्याचा डावा भाग खांबामागे जात होता. दुभाष्याला पाटी दिसली नाही तर पत्रकावरील पाटीचे क्रमांक निरुपयोगी आहेत. ध्वनिव्यवस्थेच्या मुलांनी तो मागच्या बाजूला मध्यावर हलवला. बूथमध्ये आवाज फक्त मायक्रोफोनमधून येतो, श्रोत्यांतून कोणी नुसताच उभा राहून बोलला तर आत ओठ हलताना दिसतात आणि कानात काहीच नसते. अध्यक्षांच्या सूचनांत म्हणून पहिली ओळ अशी घातली: हातात माइक येईपर्यंत प्रश्न सुरू करू देऊ नये. पाहुण्यांनी दाखवायची दोन मिनिटांची चित्रफीत वेगवान इंग्रजी निवेदनाची आहे. तिचा मजकूर मागवला आणि मराठी भाषांतर आधीच करून घेतले, ते बूथमधून वाचले जाईल.

पाहुण्यांचे नवे भाषण आले. ते २,३५० शब्दांवर आले आहे, आणि गाळाच्या प्रदेशाचा भाग दोन वाक्यांत आटोपला आहे. त्यात नव्याने 'ट्यूबवेल' शब्द आला. गाळाच्या प्रदेशाबद्दल असेल तिथे कूपनलिका, आणि बेसॉल्टबद्दल असेल तिथे विंधन विहीर किंवा सरळ बोअर, अशी ओळ घातली. दोन्ही दुभाष्यांना अंतिम कागद आज संध्याकाळी पाठवले, आणि यापुढे बदल झाल्यास नवा कागद न देता हाताने जुन्यावरच लिहायचे असे ठरवले. बूथमध्ये एकाच कागदाच्या दोन आवृत्त्या असणे सर्वांत वाईट.

११ फेब्रुवारी

सत्र झाले. पाहुणे पहिल्या दहा मिनिटांत ठरल्याप्रमाणे चालले. नंतर वेग वाढू लागला तेव्हा पुण्याच्या बाईंनी बूथच्या काचेतून हात हलवला आणि पुढच्या रांगेत बसलेल्या माझ्या सहकाऱ्याने 'स्लो' लिहिलेला फलक वर केला. ही खूण आधी पाहुण्यांना सांगून ठेवलेली असल्याने त्यांना त्याचे वाईट वाटले नाही. आबांनी "मूळ इंग्रजीत असं आहे" हे एकदाच म्हटले आणि इंग्रजी अवतरणे बरीच दिली, पण ती कोणती असतील याची कल्पना कागदावरून असल्याने वाहिनी बदलण्यात फारसे काही सुटले नाही.

प्रश्नोत्तरांत पाहुण्यांनी औशाच्या शेतकऱ्यांना विचारले की उपसा थांबवल्यावर विहीर किती वेळात भरते. नांदेडच्या प्राध्यापकांनी ते "मोटार बंद केल्यावर परत अर्धा तास चालायला किती वेळ थांबावं लागतं" असे मराठीत केले. उत्तर लगेच आले: डिसेंबरात चार तास, एप्रिलात दुसरा दिवस. पाहुण्यांनी ते लिहून घेतले आणि आणखी दोन गावांतल्या श्रोत्यांना तोच प्रश्न विचारला.

१२ फेब्रुवारी

ध्वनिमुद्रण ऐकून पत्रकात नसलेले पण सत्रात आलेले शब्द वेगळे काढले. श्रोत्यांतून 'झरा फुटला', 'बोअर कोरडी गेली' आणि 'पाणी उतरलं' हे प्रयोग आले. शेवटचा प्रयोग भूजल पातळी खाली जाणे या अर्थाने होता आणि त्याचे इंग्रजी एकदा पूर ओसरणे असे झाले, ते अध्यक्षांनी तिथेच दुरुस्त केले. हे तीनही प्रयोग पुढच्या आवृत्तीत श्रोत्यांच्या प्रश्नांसाठीच्या वेगळ्या कागदावर जातील. ध्वनिमुद्रणावरून मराठी आणि इंग्रजी उपशीर्षके तयार करणाऱ्यांना हे कागद, हाताने केलेल्या नोंदींसह, आज दिले.